सकाळी सव्वानऊचा ब्रेकआउट, दुपारी साडेबाराचा ब्रेकआउट: एकाच नियमाने एका दिवसात तीन स्टॉपलॉस का लागले

या प्रकरणात एक शेअर आहे, एक दिवस आहे आणि एक नियम आहे. शेअर साधारण ८४० रुपयांचा, वायदे बाजारात असलेला, रोज पंचवीस-तीस लाख शेअरची उलाढाल होणारा. दिवस हिवाळ्यातला, निकाल नाहीत, एक्सपायरी नाही. शेअरचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. आकडे हिशेब कळावा म्हणून मांडलेले आहेत, पण त्यांचं आपसातलं प्रमाण एनएसईवरच्या अशा शेअरमध्ये नेहमी दिसतं तसंच ठेवलं आहे.

नियम बहुतेकांच्या परिचयाचा आहे. पाच मिनिटांची कँडल आदल्या दिवसाच्या किंवा आजच्या हायच्या वर बंद झाली, आणि तिचं व्हॉल्यूम मागच्या २० कँडलच्या सरासरीच्या दीडपट असलं, की खरेदी. स्टॉपलॉस एटीआर १४ च्या, म्हणजे मागच्या १४ कँडलच्या सरासरी चढउताराच्या, दीडपट अंतरावर. क्वांटिटी अशी की स्टॉप लागला तर २,००० रुपये जावेत. वेळेचं बंधन काही नाही.

नियमात वरवर चूक दिसत नाही. व्हॉल्यूम बघतो, चढउतार बघतो, जोखीम मोजून घेतो. तरी त्या दिवशी तीन सौदे, तीन स्टॉप, आणि खर्च धरून सुमारे साडेसात हजारांचा तोटा. मधला एकमेव चांगला सौदा नियमाने स्वतःच नाकारला. हे कसं घडलं ते कळायला आधी या शेअरचा नेहमीचा दिवस घड्याळाप्रमाणे मांडावा लागतो.

नेहमीचा दिवस कसा असतो

बाजार ९:१५ ते ३:३० चालतो. ३७५ मिनिटं, म्हणजे पाच मिनिटांच्या ७५ कँडल. मागच्या २० दिवसांतली प्रत्येक वेळेची कँडल वेगळी काढायची, म्हणजे २० दिवसांच्या ९:१५ च्या कँडल एकत्र, ९:२० च्या एकत्र, असं. मग त्यांचा मध्यक घ्यायचा. सरासरी नको, कारण निकालाचा एकच दिवस सरासरी बिघडवून टाकतो. आपल्या शेअरचं चित्र असं येतं:

| वेळ | एका कँडलचं व्हॉल्यूम | एका कँडलची रेंज (हाय वजा लो) |
|---|---|---|
| ९:१५ | २,१०,००० | ७.२० रु. |
| ९:२० | १,२०,००० | ४.६० रु. |
| ९:३० ते ९:४५ | ७५,००० | ३.४० रु. |
| ९:४५ ते १०:१५ | ५०,००० | २.४० रु. |
| १०:१५ ते ११:३० | ३४,००० | १.८० रु. |
| ११:३० ते १:३० | १६,००० | १.०० रु. |
| १:३० ते २:३० | २६,००० | १.५० रु. |
| २:३० ते ३:०० | ३८,००० | १.९० रु. |
| ३:०० ते ३:३० | ६२,००० | २.२० रु. |

सकाळी उंच, मध्ये खोल, शेवटी पुन्हा वर. सकाळची उंची रात्रभर साचलेल्या ऑर्डरींमुळे येते. प्री-ओपनमध्ये ९:०० ते ९:०८ दरम्यान ऑर्डर घेऊन एक भाव ठरतो खरा, पण त्या वेळात बरेच जण उतरतच नाहीत. बातमीचा खरा भाव किती, याची घासाघीस ९:१५ नंतरच होते. त्या काळात ऑर्डर बुकात दोन्ही बाजूंना माल कमी आणि स्प्रेड रुंद असतो, त्यामुळे मध्यम आकाराची मार्केट ऑर्डरही भाव दोन-तीन पायऱ्या ढकलते.

दुपारचा खड्डा काही अंशी स्वतःच स्वतःला खोल करतो. म्युच्युअल फंडांसारखे मोठे घेणारे आपली ऑर्डर दिवसभरात तुकडे करून घालतात आणि ते तुकडे नेहमीच्या व्हॉल्यूमच्या प्रमाणात ठेवतात, जेणेकरून खरेदीचा भाव व्हीवॅपच्या, म्हणजे दिवसाच्या व्हॉल्यूमनुसार काढलेल्या सरासरी भावाच्या, जवळ राहावा. दुपारी व्हॉल्यूम कमी असतं म्हणून ते कमी ऑर्डर घालतात, आणि ते कमी घालतात म्हणून व्हॉल्यूम कमीच राहतं. लंडन आणि फ्रँकफर्टचे बाजार उघडले की हालचाल परतू लागते. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा वाजलेले असतात.

पहिला सौदा: ९:२०

आदल्या दिवसाचा बंद भाव ८३२, हाय ८४३.५०. शेअर ८४१ ला गॅप-अप उघडला. ९:१५ ची कँडल ८४७.४० पर्यंत जाऊन ८४५.८० ला बंद झाली, म्हणजे आदल्या दिवसाच्या हायच्या वर. व्हॉल्यूम २,६५,०००. मागच्या २० कँडलची सरासरी जेमतेम ५० हजार, कारण तिच्यातल्या १९ कँडल आदल्या दिवशीच्या दुपारच्या आणि संध्याकाळच्या. पाचपटीहून जास्त व्हॉल्यूम! स्क्रीनवर याहून जोरदार सिग्नल दिसणं कठीण. पण ९:१५ ची कँडल रोजच २ लाख १० हजारांची असते. तिच्याशी तुलना केली तर आजचं व्हॉल्यूम सव्वापट निघतं, म्हणजे विशेष काही नाही.

दुसरी अडचण स्टॉपची. एटीआर १४ म्हणजे पाच मिनिटांच्या चार्टवर मागची ७० मिनिटं. ९:२० वाजता त्या ७० पैकी ६५ मिनिटं कालची आहेत. आजची एकच कँडल, आणि तिच्या ट्रू रेंजमध्ये गॅपही मोजला जातो (८४७.४० वजा ८३२, म्हणजे १५.४०). या सगळ्याची सरासरी सुमारे २.९० आली आणि स्टॉप ४.४० रुपयांवर बसला. आता वरच्या तक्त्यात बघा: ९:२० च्या कँडलची नेहमीची रेंजच ४.६० आहे. म्हणजे स्टॉप एका साध्या कँडलच्या पोटात ठेवला गेला. अंदाज बरोबर असला तरी तो लागण्याची दाट शक्यता होती.

४५० शेअर मार्केट ऑर्डरने ८४६.५० ला मिळाले, कँडलच्या बंद भावापेक्षा ७० पैसे महाग. स्टॉप ८४२.१०. तीन मिनिटांत भाव ८४१.६० ला आला आणि तिथेच विक्री झाली. तोटा २,२०५, वर खर्च सुमारे १८० रुपये. दिवसाचा ८३८.६० चा लो त्यानंतर एकदाही तुटला नाही.

न घेतलेला सौदा: १०:१०

सगळ्यात शिकण्यासारखं इथे आहे. ९:३० पर्यंतचा हाय ८४८.२० होता. अर्ध्या तासाहून जास्त वेळ शेअर त्याच्या खाली घुटमळला आणि १०:०५ ची कँडल ८४९.४० ला बंद झाली. व्हॉल्यूम ७८,०००. जुन्या नियमाने २० कँडलची सरासरी काढली. तिच्यात आज सकाळच्या २,६५,००० आणि १,५०,००० च्या कँडल होत्या, आणि कालच्या शेवटच्या पाऊण तासाच्या जड कँडलही. सरासरी आली ७७,०००. दीडपट म्हणजे १,१५,०००. सिग्नल बाद.

या वेळेला या शेअरमध्ये नेहमी ५०,००० चं व्हॉल्यूम असतं. त्याच्या दीडपटीहून जास्त व्हॉल्यूम आलं होतं, तेही स्प्रेड स्थिरावल्यानंतर आणि सकाळच्या घासाघिशीत ठरलेल्या हायच्या वर बंद होताना. हाच खरा ब्रेकआउट होता. ११:१० पर्यंत भाव ८५७.६० ला गेला.

२० कँडलची सरासरी ही मागच्या १०० मिनिटांची सरासरी असते. सकाळच्या मोठ्या कँडल तिच्यात १०:५५ पर्यंत राहतात आणि तोवर ती फुगलेली असते. दुपारी दीडनंतर तिच्यात सगळा खड्डा असतो, तेव्हा ती खोटी लहान होते. म्हणून हा गाळणा सकाळी चांगले सौदे अडवतो आणि दुपारी भलते सोडतो.

दुसरा सौदा: १२:३०

१२:२५ ची कँडल ८५८.१० ला बंद झाली, दिवसाच्या हायच्या ५० पैसे वर. व्हॉल्यूम ४२,०००, सरासरी साडेचोवीस हजार. सिग्नल पास.

इथे वेळेनुसार तुलना केली तरी सिग्नल पासच होतो. नेहमीचं १६,०००, आजचं ४२,०००, म्हणजे अडीचपटीहून जास्त. ज्यांनी फक्त व्हॉल्यूमची तुलना सुधारली आणि काम संपलं असं मानलं, ते इथेच अडकतात. भागाकार मोठा येतो कारण खालचा आकडा लहान आहे, आणि तो फुगवायला एकच सौदा पुरतो. एका मिनिटाच्या चार्टवर ही कँडल फोडली तर २८,००० शेअर एकाच मिनिटात झालेले दिसतात आणि उरलेल्या चार मिनिटांत मिळून १४,०००. कोणीतरी एकदा माल उचलला आणि निघून गेला. मागे दुसरा घेणारा नव्हता. १०:०५ च्या कँडलमध्ये सगळ्यात मोठं मिनिट २४,००० चं होतं, ७८,००० पैकी. ती खरेदी पसरलेली होती.

खरा घाव मात्र क्वांटिटीने घातला. दुपारी एटीआर १.१० पर्यंत आक्रसलेला, म्हणून स्टॉप १.६५ रुपयांवर. २,००० भागिले १.६५ केले की १,२०० शेअर येतात. सकाळी ४५० घेणारा नियम दुपारी, बुकात सगळ्यात कमी माल असताना, १,२०० मागतो. विकणाऱ्यांच्या पहिल्या पाच भावांवर मिळून ९०० शेअर होते. ऑर्डर ती पाचही पातळ्या खाऊन वर गेली आणि सरासरी भाव ८५८.४५ पडला.

नंतर अर्धा तास काहीच घडलं नाही. एकच्या सुमारास भाव हळूहळू ८५६.८० च्या स्टॉपवर उतरला आणि विक्री ८५६.५५ ला झाली. तोटा २,२८०. खर्चाचा हिशेब असा: २० रुपये प्रति ऑर्डर ब्रोकरेज धरलं तर ४०, विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटीचे २५७, आणि एक्सचेंज, स्टॅम्प, जीएसटीचे मिळून शंभर-सव्वाशे. एकूण ४०० च्या वर. म्हणजे २,००० ची जोखीम ठरवलेल्या सौद्याने जवळपास २,७०० नेले. स्टॉप जितका अरुंद तितका खर्चाचा वाटा मोठा, कारण ब्रोकरेज सोडलं तर बहुतेक खर्च उलाढालीवर बसतो, जोखमीवर नाही.

तिसरा सौदा: २:१०

२:०५ ची कँडल ८५९.९० ला नवा हाय करून बंद झाली. व्हॉल्यूम ३२,०००. २० कँडलच्या सरासरीत बहुतेक खड्ड्याच्या कँडल, म्हणून सरासरी २०,३०० आणि सिग्नल पास. या वेळेचं नेहमीचं व्हॉल्यूम २६,००० आहे, त्याच्या तुलनेत ३२,००० म्हणजे सव्वापटही नाही. बाजार रोज या वेळी जागा होतो तसाच झाला होता.

एटीआरही मागेच राहिलेला: १.२७, त्यामुळे स्टॉप १.९० वर आणि क्वांटिटी १,०५०. पण दीडनंतर एका कँडलची रेंजच दीड रुपया असते. खरेदी ८६० ला, दहा मिनिटांत ८५८ ला बाहेर. तोटा २,१००, खर्च ३६०. त्यानंतर शेअर ८६४ पर्यंत गेला.

बदललेला नियम

सिग्नलची मूळ कल्पना तीच ठेवली: पाच मिनिटांची कँडल हायच्या वर बंद. बदललं ते मोजमाप आणि वेळ.

आधी तुलना. प्रत्येक कँडल स्वतःच्याच वेळेच्या मागच्या २० दिवसांशी ताडायची. डेटा पायथनमध्ये असेल तर एवढं पुरतं:

```python
df["slot"] = df.index.strftime("%H:%M")
df["rng"] = df["high"] - df["low"]
g = df.groupby("slot")
norm = lambda s: s.shift(1).rolling(20).median()
df["vol_norm"] = g["volume"].transform(norm)
df["rng_norm"] = g["rng"].transform(norm)
df["rvol"] = df["volume"] / df["vol_norm"]
```

यातला `shift(1)` विसरू नका. तो नसेल तर आजची कँडल स्वतःच्याच मध्यकात मोजली जाते. बोनस किंवा स्प्लिट झालेल्या शेअरचं व्हॉल्यूमही समायोजित आहे ना, ते तपासा. आणि काही डेटात प्री-ओपनचं व्हॉल्यूम ९:१५ च्या कँडलमध्ये मिसळलेलं असतं, काहींत नसतं. दोन ठिकाणांहून डेटा घेत असाल तर पहिली कँडल जुळणार नाही.

वेळेच्या खिडक्या याच आकड्यांवरून काढल्या. दिवसभराच्या ७५ कँडलच्या नेहमीच्या रेंजचा मध्यक या शेअरमध्ये १.८० येतो. सकाळी ज्या वेळेपासून रेंज त्याच्या दीडपटीखाली, म्हणजे २.७० च्या खाली येते, तिथून प्रवेश सुरू. ९:३० ला ती ३.४० आहे, ९:४५ ला २.४०, म्हणून पहिली खिडकी ९:४५ ला उघडते. व्हॉल्यूमचा मध्यक ३४,०००. त्याच्या ६० टक्क्यांखालच्या कँडलमध्ये नवा प्रवेश नाही. १६,००० त्याच्या खाली येतं, २६,००० वर राहतं, म्हणून ११:३० ते १:३० बंद. २:४५ नंतरही नवा सौदा नाही, कारण ब्रोकरची इंट्राडे पोझिशन आपोआप काटण्याची वेळ जवळ येते आणि सौद्याला चालायला वेळ उरत नाही. पहिल्या खिडकीत घेतलेला सौदा ११:३० पर्यंत चालला नाही तर तिथेच बंद करायचा.

खिडकीत आलेल्या सिग्नलला दोन अटी: त्या वेळेच्या व्हॉल्यूमच्या दीडपट व्हॉल्यूम, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त एकाच मिनिटातलं नको. स्टॉप पुढच्या कँडलच्या नेहमीच्या रेंजच्या दुप्पट अंतरावर. एटीआर पूर्णपणे काढून टाकला. क्वांटिटी जोखमीवरूनच काढायची, पण त्या वेळेच्या एका कँडलच्या व्हॉल्यूमच्या २ टक्क्यांहून जास्त कधीच नाही.

आता तोच दिवस. ९:२० खिडकीबाहेर. १०:१० चा सिग्नल पास: खरेदी ८४९.६०, रेंज २.४० म्हणून स्टॉप ४.८० खाली ८४४.८० ला, क्वांटिटी ४१५. मर्यादा १,००० ची होती, तिच्या आत. मध्ये भाव ८४६.९० पर्यंत आला पण स्टॉप शाबूत राहिला. जुन्या नियमाच्या ९:२० च्या स्टॉपपेक्षा हा फक्त ४० पैशांनी रुंद आहे. फरक असा की त्या वेळी कँडल ४.६० च्या होत्या आणि आता २.४० च्या. दुप्पट जोखमीचं लक्ष्य ८५९.२० ला होतं, ते आलं नाही. ११:३० ला ८५४.९० वर बाहेर. ५.३० गुणिले ४१५ म्हणजे २,१९९ आणि खर्च वजा जाता सुमारे २,०३० रुपये. १२:३० बंद, २:१० व्हॉल्यूमवर बाद.

कुठे हा नियम कमी पडतो

सकाळी उघडून ८४१ वरून ८४९ पर्यंत गेलेला भाग हातातून गेला, आणि दुपारचा ८५८ ते ८६४ चाही. काही दिवशी शेअर ९:१५ ला सुटतो आणि मागे वळून बघत नाही. तसे दिवस हा नियम जवळजवळ पूर्ण सोडतो. अशा दिवसामागे धावण्यासाठी ९:४५ ची वेळ पुढेमागे करायला लागलात तर पहिल्या सौद्यासारखे कितीतरी सौदे परत आत येतात.

घड्याळ फसतं ते दिवस आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवावेत. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी १० वाजता जाहीर होतं. त्या दिवशी बँका, वाहन आणि घरबांधणी कंपन्यांच्या शेअरमध्ये १० ते १०:४५ ला दुसरी ९:१५ समजावी. बऱ्याच कंपन्या निकाल बाजार चालू असतानाच देतात, तोही भर दुपारी. तेव्हा खड्डा उरत नाही, पण नेहमीच्या रेंजचे आकडेही निरुपयोगी होतात, त्यामुळे त्या शेअरला तो दिवस सोडलेला बरा. बजेट, एक्सपायरी आणि दिवाळीतलं मुहूर्त ट्रेडिंग हे दिवस २० दिवसांच्या मध्यकातूनही वगळायचे.

एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, हे उघड आहे. आपल्या मागच्या सौद्यांची वही काढा आणि प्रत्येकासमोर प्रवेशाची वेळ आणि खर्च वजा जाता जोखमीच्या किती पट मिळाले किंवा गेले, ते लिहा. एक पथ्य मात्र पाळा: खिडक्या नफ्यावरून ठरवू नका. 'मला १०:२० ते १०:५० मध्ये पैसे मिळतात' असं वहीत दिसेल, पण तीस-चाळीस सौद्यांत अशी एखादी वेळ योगायोगानेही निघते आणि पुढच्या महिन्यात टिकत नाही. व्हॉल्यूम आणि रेंजचा आकार मात्र महिनोन्महिने तसाच राहतो, म्हणून खिडकी तिथून काढायची आणि नफ्याची वही फक्त तपासायला वापरायची.

मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर युरोपची घड्याळं तासाने सरकतात, तेव्हा दुपारच्या खिडकीकडे लक्ष ठेवा. एप्रिलमध्ये जाग साडेबारानंतरच येऊ लागते, पण २० दिवसांच्या मध्यकात निम्मे दिवस नवे होईपर्यंत आकडे दीडच दाखवत राहतात. साधारण दहा सत्रं. तेवढ्या काळात दुपारचे सौदे निम्म्या क्वांटिटीने घ्या, आणि मध्यक सरकला की खिडकीची सुरुवात नव्याने मोजा.